दादांच्या जागी बाहेरचा मॅनेजर येतो तेव्हा

सप्रेम आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. एक तारखेला चाकणहून नवे प्रॉडक्शन मॅनेजर तुमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत रुजू होणार आणि त्यांच्या पहिल्या आठवड्याचा कार्यक्रम तू आखलायस. पहिल्या दिवशी सत्कार, मग सेफ्टी, क्वालिटी, स्टोअर्स, पॅटर्न शॉप अशी फेरी, शुक्रवारी मालकांबरोबर जेवण. कार्यक्रम नीट आहे. पण मेलच्या शेवटी तू सहज एक ओळ लिहिलीस, की दादा गेल्या आठवड्यापासून कुणाशी फारसं बोलत नाहीत. या भरतीतलं खरं काम त्या ओळीत आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

तुमचे डेप्युटी, ज्यांना अख्खा शॉप दादा म्हणतो, त्यांना ही जागा मिळणार असं सगळे धरून चालले होते. ते स्वतः, त्यांच्या घरचे, भट्टीवरचे लोक, अगदी माती पुरवणारा ट्रकवालासुद्धा. तू म्हणतेस, कंपनीने तसा शब्द कधी दिला नव्हता. कागदावर दिला नसेल. पण आधीचे मॅनेजर आजारी होते तेव्हा चार महिने सही दादांची चालत होती, कस्टमरच्या ऑडिटला तेच उभे राहिले आणि दसऱ्याच्या पूजेला मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "आता पुढचं तुम्हीच बघायचंय." एवढं घडल्यावर लोकांनी दुसरं काय समजायचं? 'शब्द दिला नव्हता' हे वाक्य तू तुझ्या तोंडी येऊ देऊ नकोस. ते ऐकलं की माणूस आधी जागा गमावतो आणि वर खोटा ठरतो.

आज घरी गेल्यावर एक कागद घे. दादा मॅनेजर झाले असते तर डेप्युटी कोण झालं असतं, ते लिही. मग त्याच्या जागी शिफ्ट इनचार्ज कोण आणि त्याच्याही जागी सुपरवायझर कोण. माझ्या अंदाजाने तुला तीन नावं मिळतील, कदाचित चार. या प्रत्येकाने मनात आपली पुढची खुर्ची मोजून ठेवली होती. बाहेरचा माणूस वर बसला की ती सगळी साखळी एकदम थांबते. बरेच एचआरवाले एकट्या दादांची समजूत काढतात आणि मग म्हणतात, दादा तर ठीक वागतात, मग शॉप का धुमसतोय? धुमसतो तो या खालच्या दोघा-तिघांमुळे. दादांना निदान बोलावून कुणीतरी काही सांगतं. यांना कुणी काही सांगत नाही, कारण यांची अपेक्षा होती हेच कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

आता दादांना सांगण्याविषयी. ते काम तुझं नाही, मालकांचं आहे. जाहीर करण्याआधी, एकट्यात आणि बसून. तू फक्त मालकांची तयारी करून घे. फाउंड्रीचं जग छोटं असतं. चाकणच्या उमेदवाराने राजीनामा दिला की दोन दिवसांत कोल्हापुरात कळतं, कारण त्याचा मोल्ड कोटिंगचा सप्लायर आणि तुमचा सप्लायर एकच. दादांची शांतता बघता त्यांना अर्धवट कळलेलंच असणार. त्यामुळे हे बोलणं याच आठवड्यात व्हायला हवं, एक तारखेच्या आदल्या दिवशी नको.

या बोलण्यात मालकांनी तीन गोष्टी सांगाव्यात. पहिली, की मी तसं बोललो होतो आणि तुम्ही तसं समजलात यात तुमची चूक नाही. दुसरी, बाहेरचा माणूस का घेतला याचं खरं आणि नेमकं कारण. तुझ्या मेलवरून मला जे कळलं ते असं: नवी हाय प्रेशर मोल्डिंग लाइन येतेय, निर्यातीचा कस्टमर प्रत्येक पार्टची कागदोपत्री प्रोसेस मागतोय आणि दादांचं काम आजही डोक्यातल्या आठवणीवर चालतं. पार्टवार रिजेक्शनचा हिशेब आणि कॉस्टिंग त्यांनी कधी स्वतः धरलेलं नाही. हे त्यांना ऐकायला जड जाईल, पण यावर ते निदान वाद घालू शकतात. "मॅनेजमेंटने व्यापक विचार करून निर्णय घेतला" यावर कुणी काय बोलणार? मग माणूस स्वतःच कारण शोधतो आणि ते जातीपासून भाऊबंदकीपर्यंत कुठंही जाऊन पोचतं. तिसरी गोष्ट, पुढे काय शक्य आहे आणि काय नाही. नवे मॅनेजर ४१ वर्षांचे आहेत, ही जागा लवकर रिकामी होणार नाही. "पुढच्या वेळी नक्की" असं मालक बोलले तर दुसरा खोटा शब्द दिल्यासारखं होईल. त्यापेक्षा दुसऱ्या लाइनची स्वतंत्र जबाबदारी, तीही वर्षभरात जमली तर, एवढं खरं असेल तर एवढंच सांगावं.

दादांची या जागेसाठी रीतसर मुलाखत झाली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी २०२१ साली एका मोठ्या कंपनीतल्या नाकारल्या गेलेल्या अंतर्गत उमेदवारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना त्या जागेच्या वरिष्ठाने समोर बसवून मुलाखत घेतली होती, ते नाकारले गेल्यावरही कंपनी सोडून जाण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. आणि जागा बाहेरच्याला मिळाली तर सोडून जाण्याकडे कल जास्त. तो देश वेगळा, कंपनी वेगळी, पण आपल्याकडच्या अनुभवाशी मला ते जुळतं. तुमच्याकडे ती वेळ गेली. आता मुलाखतीचं नाटक करू नका. साखळीतल्या खालच्या लोकांच्या बढत्या पुढे येतील तेव्हा मात्र प्रत्येकाला समोर बसवूनच विचारायचं, हे आत्ताच मालकांकडून ठरवून घे.

पगाराचं तू विचारलंस. नव्या माणसाचा आकडा दादांच्या बराच वर आहे आणि तो फुटणार, हे गृहीत धर. बाहेरून येणारा महागच पडतो. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या मॅथ्यू बिडवेल यांनी एका गुंतवणूक बँकेतल्या नोंदी तपासून २०११ साली दाखवलं, की बाहेरून घेतलेल्यांना त्याच प्रकारच्या कामाला आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त मिळत होतं आणि तरी पहिली दोन वर्षं त्यांच्या कामाचं मूल्यमापन कमी भरत होतं. ते कमी का भरतं, याचं माझं उत्तर खाली येईल. दादांच्या बाबतीत मी एवढंच म्हणेन, की त्यांच्या आजच्या कामाचा बाजारभाव काढ आणि तो कमी असेल तर नेहमीच्या वेतनवाढीत दुरुस्त करून घे. याच आठवड्यात पाकीट दिलंत तर ते तोंड बंद ठेवण्याचे पैसे ठरतील. 'सल्लागार' किंवा 'सीनियर डेप्युटी' असलं पद तर देऊच नका. ज्या पदाला सही नाही, ते पद शॉपवर पहिल्याच दिवशी ओळखलं जातं.

नव्या मॅनेजरांना हे सगळं माहीत आहे का? मला वाटतं, नाही. त्यांना तू आजच फोन कर, किंवा मालकांना करायला लाव. आत एक माणूस या जागेच्या आशेवर होता, त्याचं नाव, त्याची वर्षं, त्याला काय सांगितलंय, सगळं. पुष्कळ कंपन्या हे लपवतात, उमेदवार बिचकेल म्हणून. मग तो येतो आणि पहिल्या मीटिंगमध्ये ज्या माणसाला सहज "तुम्ही जरा आकडे काढून द्या" म्हणतो, तो नेमका दादा असतो.

रुजू होण्याआधी या दोघांची एक भेट व्हावी. कंपनीबाहेर, दोघंच, तूसुद्धा नको. नव्या माणसाने तिथं उगाच नम्रता दाखवू नये. "तुमच्याशिवाय माझं काही चालणार नाही" हे वाक्य दादांच्या वयाच्या माणसाला खोटं वाटतं, कारण तसं असतं तर खुर्ची त्यांनाच मिळाली असती. सरळ म्हणावं, "ही जागा तुम्हाला मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं, मला माहीत आहे. मला तुमच्याकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्यात." आणि प्रश्न कामाचे असावेत: कुठला पार्ट सगळ्यात जास्त त्रास देतो, भट्टीवर कुणावर डोळे झाकून विश्वास टाकता येतो, आणि आजवर काय करून बघितलं आणि जमलं नाही. यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. बाहेरून आलेला माणूस हमखास तीच गोष्ट नव्याने सुचवतो जी पाच वर्षांपूर्वी फसलेली असते.

सत्काराविषयी माझं स्पष्ट मत सांगतो. पहिल्या दिवशी फेटा, शाल, श्रीफळ हे काही करू नका आणि दादांच्या हातून तर मुळीच नको. तुझा हेतू चांगला आहे, सगळ्यांना दोघं एकत्र दिसावेत असा. पण सगळ्या शॉपसमोर आपल्या हाताने दुसऱ्याच्या डोक्यावर फेटा चढवायला लावणं हे त्या माणसाला फार लागेल, आणि बघणाऱ्यांनाही. फेटा वर्षाअखेरीला बांधा, लाइन चालू झाल्यावर, तेव्हा दोघांनाही. पहिल्या दिवशी पाळी बदलताना मालकांनी पाच मिनिटं उभ्याने बोलावं आणि त्यात कोण काय ठरवणार ते सांगावं. रोजचं प्लॅनिंग, रजा, ओव्हरटाइम, प्रोसेसमधले बदल नव्या साहेबांकडे. मोल्डिंग आणि मेल्टिंगचा रोजचा कारभार दादांकडे, तो आधीसारखाच. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ही बातमी त्याआधी जाता कामा नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अशा भरतीत नवा माणूस पडतो तो बंडाने क्वचित पडतो. तो पडतो शांततेने. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मी एचआर बघत होतो तेव्हाची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडे हेच घडायची शक्यता मला सगळ्यात जास्त दिसते.

तिथं असेच बाहेरून मॅनेजर आले होते. हुशार, मेहनती, दुसऱ्याच आठवड्यात रात्रपाळीला येऊन बसणारे. एका गिअरबॉक्स हाउसिंगची मोल्डिंगची गती कमी होती. कास्टिंगची आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा म्हणजे कोअर, आणि तो साच्यात जिथं टेकतो ती जागा म्हणजे कोअर प्रिंट. त्यांनी उभं राहून बघितलं तर कोअर बसवणारा माणूस प्रत्येक पेटीत कोअर प्रिंटच्या कडेने हाताने जास्तीचं सीलिंग करत होता आणि एक तार घालून व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर जायची वाट, मोकळी करत होता. कंट्रोल प्लॅनमध्ये यातलं काही नव्हतं. त्यांनी विचारलं, हे का? कोअर बसवणारा म्हणाला, "पहिल्यापासनं करतोय." त्यांनी सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला, "सांगाल तसं करू की साहेब." त्यांनी ते काम बंद करायला सांगितलं. गती वाढली, मालक खूश झाले.

तिथल्या डेप्युटींना कारण पक्कं माहीत होतं. त्या पॅटर्नचं कोअर प्रिंट कोअरशी नीट जुळत नव्हतं. तिथं फट राहते. सीलिंग नसेल तर ओतलेला रस फटीतून कोअरच्या व्हेंटमध्ये शिरतो, व्हेंट बंद होतो आणि कोअरमधला गॅस बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तो धातूतच अडकतो. वरून कास्टिंग स्वच्छ दिसतं. फेटलिंगला काही कळत नाही, शॉट ब्लास्टिंग झाल्यावरही नाही. पोकळी उघडी पडते ती कस्टमरकडे मशिनिंगमध्ये वरचा थर निघाल्यावर. म्हणजे चूक घडते एका दिवशी आणि दिसते दोन-तीन आठवड्यांनी, तोवर शेकडो नग ओतून झालेले असतात. तसंच झालं. कस्टमरकडून ब्लोहोलची तक्रार आली, ट्रक परत आले आणि मीटिंगमध्ये डेप्युटी शांतपणे म्हणाले, "मला कुणी विचारलं नव्हतं."

ते खरंच होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी त्या माणसाला ओळखत होतो, नगाचं नुकसान त्यांच्याही जिवाला लागलं होतं. पण विचारल्याशिवाय सांगायला जाणं म्हणजे आपणहून दुय्यम होणं, असं त्यांना त्या दिवसांत वाटत होतं. जुन्या शॉपमधली निम्मी प्रोसेस कागदावर नसते, ती माणसांच्या हातात असते. आतून वर गेलेल्याला ती आपसूक मिळते. बाहेरून आलेल्याला ती कुणीतरी द्यावी लागते आणि देणारा माणूस नेमका तोच असतो ज्याचं मन दुखावलेलं आहे. पहिली दोन वर्षं बाहेरचे लोक कमी का भरतात, याचं माझं उत्तर हे आहे.

त्या प्रकरणानंतर आम्ही एक साधा कागद सुरू केला आणि तो तू पहिल्या दिवसापासून सुरू करावास. कुठल्याही चालू पार्टच्या प्रोसेसमध्ये बदल करायचा तर तो आदल्या दिवशी या कागदावर लिहायचा. पार्ट कुठला, आज काय करतो, उद्या काय करणार, कशासाठी. त्याखाली डेप्युटींनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं, आज हे असं का करतात. त्याखाली मॅनेजरांचा निर्णय. मग तीस-चाळीस पेट्यांची ट्रायल, त्या नगांवर वेगळी खूण, आणि ते नग मशिनिंग होऊन निकाल येईपर्यंत बदल कायम करायचा नाही. शेवटच्या रकान्यात निकाल.

या कागदात एक बारकावा आहे, तो सोडू नकोस. डेप्युटींना मत लिहिणं बंधनकारक आहे, पण त्यांना बदल अडवता येत नाही. निर्णय मॅनेजरांचाच. अडवायचा अधिकार दिलास तर शॉपला दोन मॅनेजर होतील. आणि मत लिहिणं ऐच्छिक ठेवलंस तर रकाना रिकामा राहील आणि महिन्याभराने पुन्हा तेच ऐकायला मिळेल. दादा लिहायला नाखूश असतील, त्यांचा हात कागदाला सरावलेला नाही. एखादा ट्रेनी इंजिनिअर बसव, दादा बोलतील तसं तो लिहील, सही दादांची. आमच्याकडे सुरुवातीला "योग्य" एवढाच शेरा यायचा. मग एकदा त्यांनी एका जुन्या पॅटर्नविषयी चार ओळी सांगितल्या, मॅनेजरांनी तो बदल त्यावरून मागे घेतला आणि सकाळच्या मीटिंगमध्ये कारणासकट तसं सांगितलं. त्यानंतर शेरे लांब होत गेले. असे कागद साठत गेले की निर्यातीच्या कस्टमरला जी लेखी प्रोसेस हवी आहे, तिचा कच्चा मसुदाही आपोआप तयार होतो. त्यावर सही दादांची असते, हे त्यांना दाखव.

नव्या माणसाने पहिला महिना काहीच बदलू नये, असा सल्ला तू कुठंतरी वाचला असशील. मला तो पटत नाही. महिनाभर नुसतं बघणारा मॅनेजर शॉपला पाहुणा वाटायला लागतो. पहिल्या पंधरवड्यात त्याचा एक छोटा, लोकांना जाणवेल असा निर्णय दिसावा. ओतकामाच्या जागी पंखे, पाणी, रात्रपाळीचा चहा वेळेवर, असलं काही. पण तो निवडताना दादांना आधी विचार, यातली कुठली मागणी तुम्ही पूर्वी केली होती? पंखे दादा तीन वर्षं मागत होते आणि ते नव्या साहेबांना तीन दिवसांत मिळाले, तर शॉप खूश होईल आणि दादांचा सगळ्यांसमोर अपमान होईल. अशी मागणी असेल तर ती एक तारखेच्या आधी मंजूर कर, दादांच्या नावाने.

हजेरीचं एक सांगतो, कारण चाकणच्या माणसाला हे कळणार नाही. तुमचे हेल्पर आणि फेटलिंगचे बरेच लोक पन्हाळा, शाहूवाडी भागातून येतात. भाताच्या लावणीला हजेरी पडते, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला पडते, गावोगावच्या यात्रांना पडते. दादा हे आधीच धरून पेट्यांचा आकडा लावतात. नव्या माणसाला हे माहीत नसेल तर एका सकाळी वीस माणसं कमी दिसतील आणि त्याला वाटेल, माझ्याविरुद्ध सगळे ठरवून घरी बसले. एकदा त्याने तशी नोटीस काढली की नसलेलं बंड खरंच सुरू होतं. दादांकडून वर्षभराचं असं कॅलेंडर करून घे आणि पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलावर ठेव.

यानंतर मालकांविषयी. हा भाग तुला अवघड जाईल, पण सगळ्यात जास्त नुकसान इथूनच होतं.

तुमचे मालक उद्यमनगरात लेथवर उभे राहून वर आलेले. प्रत्येक सुपरवायझरकडे त्यांचा नंबर आहे, गणपतीला ते लोकांच्या घरी जातात, दादांच्या मुलीच्या लग्नात ते पहिल्या रांगेत होते. हे सगळं चांगलं आहे आणि ते तुटू नये. पण नवे साहेब आल्यावर पहिल्या आठवड्यात कुणीतरी मालकांना फोन करणारच, "तुमच्या कानावर घालतो, ते नवीन साहेब असं असं करायला लागलेत." मालकांनी तो विषय ऐकून घेतला आणि नुसतं "बघतो मी" म्हटलं, तरी नव्या मॅनेजरांचा अधिकार तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं, की खरा निर्णय वरून मिळतो.

मालकांशी आधीच ठरवून घे. मार, शिवीगाळ, अपमान, सुरक्षितता, पैशाची अफरातफर, यातलं काही असेल तर थेट ऐकायचं. उत्पादन, प्लॅनिंग, रजा, प्रोसेस असेल तर एकच उत्तर द्यायचं, "साहेबांना सांगितलंत का? आधी त्यांना सांगा." आणि ते दर वेळी, दादांच्या फोनलासुद्धा. एकदा अपवाद केला की तो अपवादच सगळ्यांच्या लक्षात राहतो.

मालकांनी आणखी एक टाळायचं आहे, आणि ते त्यांना सगळ्यात कठीण जाईल. रोज संध्याकाळी फेरीला आले की ते दादांजवळ थांबतात. तिथं "काय, नवीन साहेब कसे वाटतात?" असं त्यांनी कधीही विचारू नये. हा प्रश्न मायेपोटी येतो. पण त्याने दादा नव्या मॅनेजरांचे परीक्षक होतात, आणि परीक्षकाच्या जागी बसलेला माणूस मदत करायला खाली उतरत नाही. त्यांनी दादांना दादांच्या कामाचं विचारावं, मातीचं, भट्टीचं, घरचं.

काम नीट चाललंय की नाही हे तुला कसं कळेल? लोकांना विचारून कळणार नाही, सगळे "चाललंय की" म्हणतील. दोन जागी बघ. सकाळच्या मीटिंगला शेवटच्या खुर्चीवर बस आणि नवे साहेब प्रश्न विचारतात तेव्हा सुपरवायझरची नजर कुठं जाते ते बघ. उत्तर देण्याआधी ती दादांकडे गेली तर सुरुवातीला ते साहजिक आहे. दोन महिन्यांनीही जात असेल तर काळजी कर. दुसरी जागा रात्रपाळीची. लाइन थांबली, भट्टीचं लाइनिंग गेलं, सँड प्लँट बंद पडला, तेव्हा पहिला फोन कुणाला गेला? शिफ्ट इनचार्जला दर आठवड्याला असे थांबे आणि पहिला फोन एवढंच लिहून ठेवायला सांग. मोल्डिंग-मेल्टिंगचा पहिला फोन दादांना जाणं बरोबरच आहे, तो कारभार त्यांचा. पण त्यानंतर दादांचा फोन साहेबांना गेला का, आणि किती वेळाने? तो अर्ध्या तासात जायला लागला की समज, गाडी रुळावर येतेय. सकाळी मीटिंगमध्येच साहेबांना पहिल्यांदा कळत असेल, तर दादांशी बोलायची वेळ झाली. आणि हे बोलणं नव्या मॅनेजरांनी स्वतः करायचं, तू नाही.

एका बाबतीत मात्र कुणाच्या दुखावलेल्या मनाचा विचार करत थांबायचं नाही. पावसाळ्यात ओलं भंगार भट्टीत गेलं तर स्फोट होतो, माणसं भाजतात. अशा गोष्टीची माहिती कुणी जाणूनबुजून दडवली तर तो शिस्तीचा विषय आहे, मग ते दादा असोत की त्यांच्या साखळीतला कुणी. हे मालकांनी दादांना पहिल्याच बोलण्यात आदराने पण स्पष्ट सांगावं. माझा अंदाज, दादांच्या बाबतीत ती वेळ येणार नाही. साखळीतल्या तरुण शिफ्ट इनचार्जवर जास्त लक्ष ठेव. त्याला गमवायला कमी आहे आणि दादांच्या बाजूने लढतोय असं त्याला वाटत असणार. त्याला निर्यातीच्या पार्टची ट्रायल सांभाळायला दे, थेट नव्या साहेबांच्या हाताखाली.

तू विचारलंस, एवढं करून दादा सोडून गेले तर? जाऊ शकतात. त्यांच्या अनुभवाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गिऱ्हाईक आहे. त्यांना थांबवण्यासाठी बाँड, अडवलेला रिलीव्हिंग लेटर असले प्रकार करू नका, अशाने राहिलेले लोकही जायची तयारी करायला लागतात. सहा महिन्यांनी मालकांनी पुन्हा त्यांच्याबरोबर बसावं आणि विचारावं, राहायचंय का, कशावर राहायचंय. तोवर दुसऱ्या लाइनचा निर्णय झालेला असला पाहिजे, हो किंवा नाही. लोंबकळत ठेवलेला निर्णय त्यांना बाहेर ढकलेल. आणि गेलेच, तर निरोप समारंभ मोठा करा, फेटा तेव्हा नक्की बांधा.

उद्या सकाळी मालकांची वेळ घे. कार्यक्रमपत्रिका आणि सत्काराचं नंतर बघू. साखळीचा कागद तयार झाला की मला दाखवायला शनिवारी घरी ये, काकू तुझी आठवण काढत होती. मालकांनी दादांशी काय बोलायचं ते आपण बसून त्यांच्या भाषेत लिहून काढू.

तुझा
काका